हार्डनेसच्या आकड्यावरून स्टीलची ताकद काढायची कशी, आणि त्या उत्तरावर विसंबायचं किती

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. हर्णैपासून मालवणपर्यंत ट्रॉलर काठावर ओढून घेतात आणि वर्षभर ढकलत आणलेली कामं एकदम सुरू होतात. पंखा काढला, शाफ्ट बाहेर घेतला की कळतं की ग्लँडखाली तो इतका खाल्ला गेलाय की पुन्हा घालण्यात अर्थ नाही. नवा शाफ्ट करायला गोल बार लागतो. तो येतो कोल्हापूरहून किंवा मुंबईहून, टोकाला खडूने ‘ईएन ८’ लिहिलेला. सर्टिफिकेट मागितलं तर एक झेरॉक्स मिळते. तिच्यावरचा हीट नंबर बारवर कुठेच सापडत नाही.

अशा वेळी वर्कशॉपमध्ये पहिला विचार येतो तो हार्डनेस बघण्याचा. टेन्साइल टेस्टसाठी नमुना कापा, लेथवर घडवा, लॅबला पाठवा आणि रिपोर्टची वाट बघा, यात दिवस जातात. हार्डनेसचा ठसा अर्ध्या तासात मिळतो, आणि त्या आकड्याला एका संख्येने गुणलं की टेन्साइल स्ट्रेंथ निघते असं सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचलेलं असतं. ते खरंही आहे, पण अटींसकट. माझं मत आधीच सांगून टाकतो: हा अंदाज बार नापास करायला पुरतो, पास करायला पुरत नाही. का पुरत नाही, ते शाफ्टच्या एका बारवर पूर्ण हिशेब करून दाखवतो.

ठशाचा आणि ताकदीचा संबंध

ब्रिनेल या स्वीडिश अभियंत्याने १९०० मध्ये ही पद्धत मांडली. १० मिमी व्यासाचा कठीण गोळा ३००० किलो भाराने स्टीलवर दाबायचा, १० ते १५ सेकंद धरायचा, भार काढून ठशाचा व्यास मोजायचा. भाराला ठशाच्या गोलाकार पृष्ठफळाने भागलं की ब्रिनेल आकडा येतो:

```
HB = 2F / (π × D × (D − √(D² − d²)))
F = 3000 kgf, D = 10 mm, d = ठशाचा व्यास (mm)
```

गोळा आत जातो म्हणजे त्याच्याखालचं स्टील बाजूला सरकतं, कायमचं वाकतं. ठशाभोवती साधारण आठ टक्के ताणाइतकी विकृती झालेली असते असं मानतात. म्हणजे हार्डनेसचा आकडा सांगतो की ‘एवढं वाकवल्यावर हे स्टील किती विरोध करतं’. टेन्साइल टेस्टमधलं कमाल बळ वेगळ्या क्षणी येतं. बार एका जागी बारीक होऊ लागतो, मान पडते, त्या क्षणी. साध्या कार्बन स्टीलमध्ये आणि कमी मिश्रधातूच्या स्टीलमध्ये हे दोन क्षण एकमेकांपासून फार लांब नसतात, म्हणून दोन आकड्यांचं गुणोत्तर बऱ्यापैकी स्थिर राहतं:

```
UTS (MPa)      ≈ 3.45 × HB
UTS (kgf/mm²)  ≈ 0.35 × HB
```

जुने फोरमन अजून ‘किलो’मध्येच बोलतात, म्हणून दुसरी ओळ दिली. दोन्ही एकच आहेत.

यात एक गोष्ट लक्षात ठेवायची. ३.४५ हा निसर्गनियम नाही, अनेक स्टीलच्या मोजमापांतून निघालेला सरासरी आकडा आहे. वाकवताना जे स्टील फार झपाट्याने कठीण होत जातं, किंवा जे आधीच थंड अवस्थेत खेचून कठीण केलेलं आहे, त्याच्या बाबतीत ते दोन क्षण एकमेकांपासून सरकतात आणि गुणोत्तरही सरकतं. पुढच्या बहुतेक अडचणी इथूनच निघतात.

तुकडा काढणं

आपला बार ६५ मिमी व्यासाचा, गरम रोल केलेला, काळा. मीटरला वजन किती, तर व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे साधारण २६ किलो.

टोकाकडून ३० मिमी जाडीची चकती कापायची. पॉवर हॅकसॉ किंवा बँडसॉ वापरायचा आणि पाणी चालू ठेवायचं. गॅसने कापलेल्या तोंडावर ठसा घेऊ नका. तिथलं स्टील लाल होऊन थंड झालेलं असतं, आणि ईएन ८सारख्या ०.४ टक्के कार्बनच्या स्टीलमध्ये तेवढ्याने आकडा बदलतो. अब्रेसिव्ह कटरने कापताना तोंड निळं झालं तरी तीच गोष्ट. तोंड निळं दिसलं तर लेथवर दोन-तीन मिलिमीटर फेसिंग करून टाकावं.

चकतीऐवजी बारच्या अंगावरच ठसा का घ्यायचा नाही? दोन कारणं आहेत. पहिलं, गोल अंगावर ठसा लंबगोल होतो आणि सूत्र सपाट पृष्ठासाठी आहे. दुसरं अधिक महत्त्वाचं. काळ्या बारच्या कातडीतला कार्बन भट्टीत जळून गेलेला असतो, त्यामुळे वरचा थर आतल्या स्टीलपेक्षा मऊ असतो. वर ग्राइंडर फिरवून गंज आणि स्केल काढलं म्हणजे तो थर गेला असं नाही. शिवाय आपल्याकडे खाऱ्या हवेत उघड्यावर पडलेल्या बारला बारीक खड्डे असतात, आणि खड्ड्यावर बसलेला ठसा वेड्यावाकड्या कडांचा येतो. चकतीच्या तोंडावर यातलं काहीच आड येत नाही, आणि बारच्या मध्यापासून काठापर्यंत काय आहे ते दिसतं.

चकतीची दोन्ही तोंडं समांतर करा, फेसिंगनंतर बारीक एमरी फिरवा. आरशासारखी चमक नको, ठशाची कड स्वच्छ दिसली पाहिजे एवढंच.

ठसे आणि वाचन

दोन ठशांच्या मध्यांत ठशाच्या व्यासाच्या किमान तिप्पट अंतर हवं, आणि ठशाच्या मध्यापासून चकतीचा काठ व्यासाच्या किमान अडीचपट लांब हवा. आपला ठसा साधारण ४.४ मिमीचा येणार, म्हणजे ठशांत १३ मिमी आणि काठापासून ११ मिमी. चकतीच्या केंद्रावर एक ठसा आणि केंद्रापासून १६ मिमीवर चार दिशांना चार, असे पाच सहज बसतात. जाडी ठशाच्या खोलीच्या आठपट असली की पुरे. इथे खोली अर्धा मिलिमीटर, म्हणजे चार मिलिमीटरही चाललं असतं. ३० मिमी घेतली ती हाताळायला आणि पुढच्या चाचणीसाठी.

प्रत्येक ठशाचा व्यास एकमेकांना काटकोनात दोनदा मोजायचा आणि सरासरी घ्यायची. दोन वाचनांत उघड फरक दिसला तर तोंड गोळ्याला काटकोनात नाही किंवा चकती डुगडुगते आहे. तो ठसा सोडून द्यावा.

आपल्या चकतीवर असं आलं: केंद्रावर ४.४५ मिमी, चार बाजूंना ४.४०, ४.४०, ४.४० आणि ४.३५. सूत्राने आकडे अनुक्रमे १८३, १८७, १८७, १८७ आणि १९२ येतात. सरासरी १८७.

व्यासातला ०.०५ मिमीचा फरक ब्रिनेल आकड्यात चार-पाचचा फरक करतो. साध्या हातभिंगाने मोजणाऱ्याचा तेवढा हात हलतोच. म्हणजे केंद्र मऊ आणि एक बाजू कठीण असं या वाचनांवरून म्हणता येत नाही. बार आतून-बाहेरून सारखा आहे, एवढंच म्हणता येतं. हा निष्कर्षही लहान नाही. केंद्रावर १८० आणि बाजूला २३० आलं असतं तर बार क्वेंच केलेला आहे आणि पाण्याची धार आतपर्यंत पोचलेली नाही हे कळलं असतं, आणि मग ‘बारची ताकद’ असा एक आकडा सांगण्यात काही अर्थच उरला नसता.

रत्नागिरीसारख्या ठिकाणी एक बारीक काळजी जादा घ्यावी लागते. मशीन तपासायचा प्रमाण ठोकळा पावसाळ्यात तेलाच्या कपड्यात गुंडाळून ठेवावा. गंजलेल्या ठोकळ्यावर मशीन तपासणं म्हणजे न तपासण्यासारखंच.

गुणाकार, आणि त्याच्या आजूबाजूची जागा

१८७ गुणिले ३.४५ म्हणजे ६४५ मेगापास्कल. किलोमध्ये ६५ च्या आसपास. बहुतेक लोक इथे थांबतात.

थांबण्याआधी दुसऱ्या वाटेने जाऊन बघा. आंतरराष्ट्रीय रूपांतर तक्त्यात, आयएसओ १८२६५ मध्ये, साध्या आणि कमी मिश्रधातूच्या स्टीलसाठी १९० ब्रिनेलसमोर ६४० मेगापास्कल आहे. त्या मानाने आपल्या १८७ ला ६३० येतात. २००८ मध्ये दीडशेहून जास्त स्टीलच्या आकड्यांवरून प्रसिद्ध झालेलं एक सरळ रेषेचं सूत्र आहे, तेही लावून बघू:

```
UTS (MPa) = −99.8 + 3.734 × HV
```

आपला बार व्हिकर्समध्ये साधारण १९५ होतो, त्यावरून ६२८ येतात. तीन वाटांनी ६२८, ६३० आणि ६४५. समाधान वाटतं. पण तीनही वाटा स्टीलच्या सरासरी वागण्यावरून काढलेल्या आहेत, त्यामुळे त्यांचं एकमेकांशी जुळणं म्हणजे आपल्या बारशी जुळणं नव्हे. त्या दीडशेहून जास्त स्टीलच्या अभ्यासातच सूत्राची प्रमाणित चूक ११२ मेगापास्कल निघाली होती. त्यात नाना तऱ्हेची स्टील होती. साध्या कार्बन स्टीलपुरतं बोलायचं तर मी दहा टक्के इकडेतिकडे धरतो. म्हणजे आपल्या बारचं उत्तर ‘६४५’ असं न लिहिता ‘५८० ते ७१० च्या दरम्यान, बहुधा ६३०-६४५’ असं लिहावं. रिपोर्टमध्ये ‘६४५.२’ असा दशांश दिसला तर लिहिणाऱ्याने कॅल्क्युलेटर जसाच्या तसा उतरवलाय हे ओळखावं.

आता स्पेसिफिकेशनशी ताडून बघू. जुन्या ब्रिटिश मानकात नॉर्मलाइझ केलेल्या ईएन ८साठी किमान ५५० मेगापास्कल आणि हार्डनेस १५२ ते २०७ अशी मर्यादा आहे. आपला १८७ तिच्यात बसतो, आणि आपल्या अंदाजाची खालची कडही ५५० च्या वर राहते. हाच बार १२० ब्रिनेल दाखवता, तर ४१० च्या आसपासचं उत्तर आलं असतं. ही साध्या माइल्ड स्टीलची ताकद, आयएस २०६२ च्या ई २५० ग्रेडची किमान मर्यादा. ‘हा ईएन ८ नाही’ असं त्याच क्षणी सांगून बार परत पाठवता आला असता. १२० आणि १८७ यांच्यात कोणतीही दहा टक्क्यांची चूक मावत नाही. नापास करायला आकडा पुरतो म्हणतो ते या अर्थाने.

तोच आकडा, वेगळं स्टील

१८७ आला म्हणून ईएन ८ सिद्ध झाला का? नाही. तेवढाच हार्डनेस दुसऱ्या कार्बनचं, वेगळी उष्णता-प्रक्रिया केलेलं स्टीलही दाखवू शकतं. रसायन हवं असेल तर स्पेक्ट्रो करावी. हार्डनेस रसायन सांगत नाही.

फसवणूक सर्वांत जास्त होते ती ब्राइट बारमध्ये. चकचकीत, मापात नेमका, लेथवर कमी काम लागणारा, त्यामुळे लहान बोटींच्या शाफ्टला पुष्कळांना तोच आवडतो. हा बार थंड अवस्थेत डायमधून खेचलेला असतो. खेचल्याने माइल्ड स्टीलचा १२० ब्रिनेल चढून १६०च्या घरात जातो. १६० म्हणजे नॉर्मलाइझ ईएन ८च्या मर्यादेतच. आकडा पास, बार नापास.

एकदा एका नौकामालकाने असाच ब्राइट बार आणून ठेवला आणि म्हणाले, “भाऊ, कडक हाय ना? मग चालेल.” कडक होता हे खरं. पण तो कडकपणा खेचण्यातून आलेला होता. अशा शाफ्टवर पुढे कुठे वेल्डिंग झालं, किंवा अडकलेला पंखा काढायला टोक गॅसने तापवलं, तर तेवढ्या जागी तो परत १२० वर उतरतो.

हे ओळखायची एक सोपी चाचणी आहे आणि तिला लॅब लागत नाही. बारचा बोटभर जाड तुकडा कापा. भट्टीत साधारण ८७० ते ९०० अंशांपर्यंत तापवा, म्हणजे चेरीच्या रंगाच्याही पुढे, नारिंगीकडे झुकेपर्यंत. पूर्ण जाडी तापेपर्यंत धरा आणि मग वारा न लागेल अशा जागी हवेत थंड होऊ द्या. पाणी नको, वाळूही नको. थंड झाल्यावर वरची खपली काढून कमीत कमी एक मिलिमीटर घासा आणि परत हार्डनेस घ्या. माइल्ड स्टील १२०-१३० वर येतं. ईएन ८ बहुतेक वेळा १६० च्या वर टिकतो. उष्णतेने खेचण्याचा परिणाम पुसला गेला, आता जे दिसतंय ते कार्बनचं आहे. आपल्या ६५ मिमीच्या काळ्या बारचा चकतीतला तुकडा असाच तापवला तर १८७ च्या जवळपासच राहायला हवा. तो १३० वर आला तर काहीतरी गडबड आहे.

वेल्ड भरलेला शाफ्ट

आकड्याने सर्वांत घातक दिशाभूल कुठे होत असेल तर ती इथे. ग्लँडखाली खाल्लेल्या शाफ्टवर वेल्डिंगने माल भरतात आणि लेथवर परत मापात आणतात. पैसे वाचतात, वेळ वाचतो. मग कोणीतरी त्या जागेवर हार्डनेस घेतो आणि आकडा मूळ शाफ्टपेक्षा जास्त येतो. ‘आता आधीपेक्षा मजबूत झाला’ असा निष्कर्ष निघतो.

वेल्डच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटरचा पट्टा असतो. तिथलं मूळ स्टील वितळलेलं नसतं, पण नारिंगी होऊन भोवतालच्या थंड, जाड बारने एकदम गार केलेलं असतं. ईएन ८ आधी न तापवता वेल्ड केला तर या पट्ट्यात ४०० च्या वर हार्डनेस सहज मिळतो. सूत्रात घाला: ४०० गुणिले ३.४५ म्हणजे १३८० मेगापास्कल. मूळ शाफ्टच्या दुप्पट! आणि शाफ्ट तुटतो तो नेमका याच पट्ट्यात. हा थर ठिसूळ असतो, वेल्डिंगचा हायड्रोजन त्यात अडकलेला असतो आणि त्यात बारीक तडे आधीच पडलेले असू शकतात. टेन्साइलचा नमुना असल्या स्टीलचा केला तर तो १३८० पर्यंत पोचेलच असं नाही. आतल्या तड्यावरून आधीच तुटू शकतो. हार्डनेसच्या ठशाला तडा दिसत नाही, कारण गोळा दाबतो, ओढत नाही.

इथे आकड्याचा उपयोग उलट्या अर्थाने करायचा. वेल्डच्या कडेला वाचन चढलेलं दिसलं तर ताकद वाढली असं न म्हणता धोका वाढला असं म्हणायचं. त्यातही १० मिमीचा ब्रिनेल गोळा हा अरुंद पट्टा पकडत नाही. त्याचा ठसाच चार मिलिमीटरचा, तो वेल्ड, पट्टा आणि मूळ स्टील यांची सरासरी काढून एक निरुपद्रवी आकडा दाखवतो. पट्टा बघायचा तर आडवा छेद कापून, पॉलिश करून व्हिकर्सने लहान लहान ठसे घ्यावे लागतात. तेवढं करायची तयारी नसेल तर शाफ्टला वेल्ड भरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. स्लीव्ह घालावी किंवा नवा शाफ्ट करावा.

कोणतं यंत्र हाताशी आहे

बऱ्याच वर्कशॉपमध्ये ब्रिनेल नसतो, रॉकवेल असतो, आणि त्याला हिऱ्याचं टोक लावून सी स्केलच वापरायची सवय असते. आपल्या १८७ च्या बारवर सी स्केल दहाच्या आसपास काहीतरी दाखवेल. तो आकडा टाकून द्या. सी स्केल २० च्या खाली भरवशाचा नाही, आणि २० म्हणजे ब्रिनेलमध्ये २३०च्या आसपास. नॉर्मलाइझ ईएन ८साठी बी स्केल घ्यावा, एक सोळांश इंचाचा गोळा आणि १०० किलो भार. ९० बी म्हणजे साधारण १८५ ब्रिनेल. मात्र बीवरून ब्रिनेल आणि ब्रिनेलवरून टेन्साइल अशी दोनदा उडी घेतली की चूकही दोनदा जमा होते. दहा टक्क्यांची जागा मग पंधराची धरा.

खिशात मावणारं डिजिटल यंत्र आता बंदरावरही दिसतं. त्यात एक छोटा घण पृष्ठावर आपटून किती वेगाने परत येतो ते मोजलं जातं, लीब पद्धत म्हणतात तिला. बटण दाबलं की थेट मेगापास्कल दिसतात, आणि तिथेच लोक फसतात. यंत्राने मेगापास्कल मोजलेले नसतात. घणाचा वेग मोजून आतल्या तक्त्यातून दोन रूपांतरं करून दाखवलेले असतात. शिवाय वस्तू हलकी असली तर आपटण्याने तीच थरथरते आणि आकडा पडतो. नेहमीच्या डी प्रकारच्या टोकाला पाच किलोच्या वरची वस्तू लागते. त्याच्या खाली भक्कम आधार लागतो आणि दोन किलोच्या खाली ती जड ठोकळ्याला घट्ट चिकटवावी लागते. आपली ३० मिमीची चकती पाऊण किलोची. तिच्यावर हे यंत्र ठेवून घेतलेलं वाचन मी मोजणारच नाही. अख्ख्या बारच्या घासलेल्या तोंडावर घ्या. बारच्या अंगावरच घ्यावं लागलं तर कार्बन जळालेला थर पूर्ण काढून घ्या. ६५ मिमीचा बार असल्यामुळे अंगाची गोलाई डी टोकाला चालते. ५० मिमीच्या बारला मात्र गोल पृष्ठाची वेगळी रिंग लागेल.

स्टेनलेसला हा गुणाकार लावू नका

हल्ली अनेक शाफ्ट ३०४ किंवा ३१६ स्टेनलेसचे करतात. ही स्टील ओढताना फार झपाट्याने कठीण होत जातात, त्यामुळे मान पडण्याचा क्षण गोळ्याच्या आठ टक्क्यांपासून पुष्कळ लांब जातो. नरम केलेल्या ३०४ वर १५० च्या आसपास ब्रिनेल आला तर ३.४५ ने गुणून ५१७ येतात, पण प्रत्यक्ष टेन्साइल बहुधा त्याच्या बरीच वर जाते. चूक सुरक्षित बाजूला आहे म्हणून दुर्लक्ष करू नये. यील्डच्या बाजूने ती उलटी फसवते. त्याच ३०४ ची किमान यील्ड अवघी २०५ मेगापास्कल आहे. लीब यंत्रातही स्टेनलेससाठी वेगळा पर्याय निवडावा लागतो. तो न निवडता घेतलेली सगळी वाचनं फेकून द्यावीत.

आकड्यात जे नसतंच

शाफ्टचं गणित करणाऱ्याला खरं तर टेन्साइल नको असते, यील्ड हवी असते, म्हणजे कायमचा पीळ कधी बसेल ते. १८७ ब्रिनेलचा नॉर्मलाइझ ईएन ८ असेल तर यील्ड टेन्साइलच्या निम्म्याहून थोडी जास्त, ३५० च्या आसपास. १८७ ब्रिनेलचा थंड खेचलेला बार असेल तर यील्ड टेन्साइलच्या आठ-साडेआठ दशांशांवर, म्हणजे ५२० च्या पुढे. हार्डनेस दोन्हींचा एकच. बारचा इतिहास माहीत नसेल तर यील्ड काढायच्या फंदात पडू नये, आणि पडायचंच तर निम्म्याचा हिशेब धरावा.

आणि समुद्र. हवेत, पॉलिश केलेल्या लहान नमुन्यावर, मध्यम ताकदीच्या स्टीलची थकव्याची मर्यादा टेन्साइलच्या निम्म्याच्या आसपास येते. तिच्या खाली बळ राहिलं तर फेरे कितीही झाले तरी नमुना तुटत नाही. खाऱ्या पाण्यात उघड्या पडलेल्या कार्बन स्टीलला अशी मर्यादाच राहत नाही. फेरे वाढतील तसं सहन होणारं बळ खाली खाली जातं. शाफ्ट मिनिटाला ६०० फेरे फिरतो असं धरा. तासाला ३६ हजार, आणि एक कोटी फेरे २७८ तासांत, म्हणजे हंगामाच्या पहिल्या काही आठवड्यांतच. अशा वेळी जादा ताकदीचं स्टील घातल्याने समुद्रातलं आयुष्य त्या प्रमाणात वाढत नाही. तुटलेल्या शाफ्टचं तोंड बघा. समुद्राच्या लाटांसारख्या बारीक वर्तुळाकार रेघा कीवेच्या टोकापासून किंवा स्लीव्हच्या काठापासून सुरू झालेल्या दिसल्या, तर तो थकून तुटलाय. तिथे हार्डनेस घेऊन ‘बार कच्चा होता का’ हे विचारण्यात फारसं हाती लागत नाही. स्लीव्हच्या काठाशी पाणी कसं शिरलं आणि कीवेचा कोपरा किती धारदार होता, हे विचारावं.

स्वतःचं गुणोत्तर काढा

एकाच गाडीतून, एकाच हीटचे दहा-बारा बार आले असतील तर एक काम करून ठेवावं. एका बारच्या टोकाचा तुकडा आयएस १६०८ प्रमाणे टेन्साइल टेस्टला द्या. त्याच तुकड्याला लागून असलेल्या चकतीवर पाच ठसे घ्या. समजा टेन्साइल ६२८ आली आणि हार्डनेस १८७. मग या हीटचं गुणोत्तर ६२८ भागिले १८७, म्हणजे ३.३६. बाकीच्या बारना ३.४५ ऐवजी ३.३६ लावा. आता दहा टक्क्यांच्या जागी चार-पाच टक्के धरले तरी चालतात, कारण आपण जगभरच्या सरासरीवरून नाही, याच स्टीलवरून बोलतोय. रिपोर्टमध्ये यील्डही मिळते, ती वेगळी नोंदवा. बाकीच्या बारचा हार्डनेस १७५ ते २०० च्या आत असेल तोवर तीच यील्ड धरायला हरकत नाही. एखादा बार २२० किंवा १५० दाखवू लागला तर तो या हीटचा नाही असं समजून बाजूला ठेवा आणि त्याचा तुकडा आधी तापवून बघा.

प्रत्येक बारच्या टोकाला पंच मारून नंबर द्या आणि वहीत नंबर, पाच ठशांचे व्यास, यंत्र, भार, तारीख लिहा. गुणाकाराचं उत्तर लिहिलं नाही तरी चालेल, ते कधीही काढता येतं. व्यास लिहिले नसतील तर शाफ्ट बोटीत गेल्यावर ते परत मिळवता येत नाहीत.